शिवीत आई कशाला येते?

मुंबईच्या परळ भागात सापडलेला एक शिलालेख आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो बाराव्या शतकाच्या अखेरीचा, शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातला. वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. राजाची बिरुदं आणि दानाचा तपशील संस्कृतात रीतसर कोरलेला आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. जो कोणी हे शासन मोडेल, त्याच्यावर सकुटुंब देवाचा कोप होईल आणि त्याच्या आईशी गाढव संग करील, असा त्या ओळीचा आशय आहे. दान संस्कृतात आणि शिवी मराठीत, कारण शिवी ज्याला लागायची त्याला ती कळायला हवी होती.

असे दगड कोकणात आणि देशावर बरेच सापडतात. त्यांना गधेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी. सर्वसाधारणपणे वरच्या भागात चंद्र आणि सूर्य असतात, म्हणजे हे दान चंद्रसूर्य असेतोवर चालावं. मधल्या भागात लेख असतो. आणि खाली गाढव व स्त्री यांचं ते चित्र, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी. दहाव्या-अकराव्या शतकापासून पुढची काही शतकं ही पद्धत चालली. आज कित्येक गावांत त्या दगडांना शेंदूर लागलेला असतो आणि त्यांचा मूळ अर्थ कुणाला ठाऊक नसतो.

या दगडांपुढे उभं राहिल्यावर एक साधा प्रश्न पडतो. दान मोडणार तो पुरुष. जमीन बळकावणार तो, कर वसूल करणार तो, देवाचा अपराधी तो. मग शिक्षेच्या चित्रात त्याची आई कशी आली? त्याचे हात तुटतील, डोळे जातील, असं कोरता आलं असतं. काही अभ्यासक म्हणतात की चित्रातली स्त्री म्हणजे भूमी, आणि ओसाड केलेल्या जमिनीवर फिरवल्या जाणाऱ्या गाढवाच्या नांगराशी या चित्राचा संबंध आहे. तसं असेलही. पण परळच्या लेखात भूमी नाही, ‘माय’ असा स्पष्ट शब्द आहे. आजही रस्त्यावर, मैदानावर, बसच्या रांगेत भांडण पेटलं की पहिल्या दोन-तीन वाक्यांत तीच माय येते. भांडणाशी तिचा काडीचा संबंध नसतो.

उत्तरासाठी आपल्या गावाकडच्या एका प्रश्नाकडे पाहू. अनोळखी पोर पारावर आलं की म्हातारी माणसं त्याला ‘तुझं नाव काय’ असं आधी विचारत नाहीत, ‘कुणाचा रे तू?’ असं विचारतात. पोरगं बापाचं नाव सांगतं, कधी आजाचं, मग आडनाव, मग वाडी. तेवढ्यावर त्याची ओळख पूर्ण होते. त्याला ओसरीवर बसवायचं की दारातूनच पाणी द्यायचं, त्याच्या शब्दावर उधार द्यायचं की नाही, त्याच्याशी सोयरिक होऊ शकते का, हे सगळं त्या उत्तरावर ठरत आलं. जिथे जमीन, वतन, जात, पूजेचा हक्क आणि पंगतीतली जागा जन्मानं मिळते, तिथे माणसाची खरी मालमत्ता म्हणजे हे एक उत्तर.

या उत्तराचा कमकुवत दुवा कोणता, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आई कोण, हे बाळंतिणीच्या खोलीतल्या सुइणीनं पाहिलेलं असतं. बाप कोण, हे मात्र आईच्या शब्दावर आणि गावाच्या विश्वासावर टिकून असतं. बापाकडून मिळणारी प्रत्येक गोष्ट आईच्या चारित्र्यावर लोंबकळत असते. म्हणून एखाद्याचं सर्वस्व एका शब्दात काढून घ्यायचं असेल, तर त्याच्या अंगावर जायची गरज नाही. त्याच्या आईबद्दल एक वाक्य बोललं की पुरे. आईची शिवी म्हणजे ‘कुणाचा रे तू’ या प्रश्नाचं दुसऱ्यानं दिलेलं खोटं उत्तर असतं.

मराठी शिव्यांची घडणच हे सांगते. ‘रांडेच्या’, ‘शिंदळीच्या’ आणि इथे छापता येणार नाहीत अशा त्यांच्या भावंडांमध्ये शेवटी ‘च्या’ आहे. तो षष्ठीचा प्रत्यय आहे, कुणाचा हे सांगणारा. हे व्याकरण नवं नाही. पाणिनीनं अडीच हजार वर्षांच्या आसपास पूर्वी त्याची नोंद केली आहे. समास होताना विभक्तीचा प्रत्यय गळतो, हा नेहमीचा नियम. राजाचा पुत्र तो राजपुत्र. पण अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात एक सूत्र आहे, ‘षष्ठ्या आक्रोशे’. आक्रोश म्हणजे इथे शिवीगाळ. शिवी द्यायची असेल तर षष्ठीचा प्रत्यय गाळायचा नाही, तो ऐकू येऊ द्यायचा, असा त्याचा भाव. ‘चोराच्या कुळाचा’ असं हिणवायचं तर ‘चौरस्यकुलम्’. लगेच पुढच्या सूत्रात ‘पुत्र’ शब्दापुरती मोकळीक आहे. ‘दासीपुत्र’ म्हणा किंवा प्रत्यय ठेवून ‘दास्याःपुत्र’ म्हणा. चोराचं कुळ, दासीचा मुलगा. पाणिनीच्या काळातल्या रस्त्यावरही भांडणारा माणूस समोरच्याला कुणाचा तरी ठरवत होता.

चौथ्या अध्यायातलं आणखी एक सूत्र मला अधिक बोलकं वाटतं. मुलाला बापाच्या गोत्रावरून नाव देणं ही रीत. आईच्या गोत्रनावावरून मुलाचं नाव करायचं असेल तर पाणिनी त्यासाठी वेगळा प्रत्यय सांगतो आणि तो कधी वापरायचा तेही सांगतो: ‘कुत्सने’, म्हणजे निंदा करायची असेल तेव्हा. टीकाकारांनी कारण दिलं आहे. बापाचा पत्ता नाही म्हणून आईवरून ओळख द्यावी लागते, हीच निंदा. शरीराचा एकही अवयव न उच्चारता, एकही अश्लील शब्द न वापरता ही शिवी पूर्ण होते.

इथे कुणी नाशिकच्या लेण्यांकडे बोट दाखवील आणि ते बरोबर असेल. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही सातवाहन राजांची नावं आईवरूनच आहेत आणि ती अभिमानानं कोरलेली आहेत. पण तिथे बाप कोण हे साऱ्या राज्याला माहीत होतं. अनेक राण्यांच्या घरात आईचं नाव लावल्यानं हा मुलगा कोणत्या थोर घरच्या लेकीचा, हे वर आणखी कळत होतं. आईचं नाव घेणं हा मुळात अपमान नाही. बापाच्या जागी एकटं आईचं नाव उरलं, की त्याच नावाची शिवी होते.

हे केवळ आपल्याकडचं नाही. रशियनमध्ये, तुर्कीत, अरबीत, स्पॅनिशमध्ये आईची शिवी आहे. चीनमध्ये ती इतकी सर्रास होती की लू शुन या थोर लेखकानं १९२५ साली तिच्यावर एक स्वतंत्र निबंध लिहिला आणि तिला राष्ट्रीय शिवी म्हटलं. ही शिवी का वाढली, याचा शोध घेताना तो सोळा-सतराशे वर्षांपूर्वीच्या घराणेशाहीकडे गेला. त्या काळात मोठी पदं कर्तृत्वावर नाही, खानदानावर मिळत. नालायक माणूसही पूर्वजांच्या नावावर मिरवत असे. खालच्या माणसाला त्या पदस्थाला हात लावता येत नव्हता. मग त्यानं घाव घातला तो ज्या पूर्वजांवर हा माणूस उभा होता त्यांच्यावरच. त्याच निबंधात लू शुननं आपल्या गावाकडच्या एका बापलेकांचा प्रसंग सांगितला आहे. जेवताना मुलगा बापाला एक पदार्थ चाखायचा आग्रह करतो, बाप तूच खा म्हणतो, आणि दोघांच्याही वाक्यात ही आईची शिवी प्रेमाच्या संबोधनासारखी येते. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे येऊ.

आई झाली. आता बहीण. हा तर्क खरा आहे की नाही, हे तपासायला ‘साला’ हा शब्द फार उपयोगी पडतो. साला म्हणजे बायकोचा भाऊ. लग्नाच्या मांडवात तो मानाचा पाहुणा असतो. मग तोच शब्द रस्त्यावर शिवी का होतो? कारण ज्याच्याशी माझं काही नातं नाही त्याला मी साला म्हणालो, तर तुझी बहीण माझ्याकडे आहे, असं मी म्हणत असतो. हे बहुतेकांना कळतं. पण याचा दुसरा भाग सहसा कुणी विचारत नाही. हिंदीत बहिणीच्या नवऱ्याला जीजा किंवा बहनोई म्हणतात. त्याची शिवी का होत नाही?

याचं उत्तर लग्नाच्या रीतीत आहे. उत्तर भारतात मुलगी देणारं घर खालचं आणि घेणारं घर वरचं मानलं जातं. मुलीचा बाप आणि भाऊ वाकतात, जावई आणि त्याचे लोक मान घेतात. ही उतरण कायमची असते; ज्या घरी मुलगी दिली तिथून सहसा मुलगी आणत नाहीत. म्हणून साला म्हणजे नुसतं नातं नाही, ती एक पायरी आहे आणि ती खालची आहे. जीजा वरच्या पायरीवर उभा असतो. कुणाला जीजा म्हणून खाली ढकलता येत नाही.

महाराष्ट्रात येताना चित्र बदलतं. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेव्यवस्थेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला प्रदेश मानलं आहे. इथल्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते. जुन्या घरांत सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत, त्यामागे हीच रीत आहे. दोन घरांत मुली अशा पिढ्यान् पिढ्या ये-जा करू लागल्या की आज देणारा उद्या घेणारा होऊ शकतो. आपला ‘मेहुणा’ हा शब्द पाहा. बायकोचा भाऊही मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणा. त्या शब्दात वरची पायरी कोणती आणि खालची कोणती, हे ओळखता येत नाही. म्हणून ‘मेव्हण्या’ अशी हाक चिडवायला चालते, पण तिला धार नाही. धारेची शिवी हवी झाली तेव्हा मराठी माणसानं ‘साला’ हे रूप उचललं. शब्द बोथट की धारदार, हे त्या नात्यात उतार आहे की सपाटी, यावर ठरलं. नात्यांच्या शिव्यांबद्दल इतका स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.

मेहुण्याला आपल्या लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा हक्क असतो आणि त्याबद्दल त्याला कापडही मिळतं. उत्तरेत वधूपक्षाच्या बायका वऱ्हाडी मंडळींना नावानिशी शिव्यांची गाणी म्हणतात आणि वरपक्ष ती हसत ऐकून घेतो. नेहमी खाली मान घालणाऱ्या बाजूला त्या दिवसापुरती जीभ मोकळी मिळते. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञानं १९४०च्या एका निबंधात अशा थट्टेच्या नात्यांचा अर्थ लावला. ज्या दोन घरांत ओढही आहे आणि ताणही, तिथे ठरवून दिलेली थट्टा खरं भांडण टाळते. म्हणजे शिवी समाजाबाहेरची गोष्ट नाही. कुणी, कुणाला, कधी द्यायची, याचे नियम समाजानंच घालून दिलेले असतात.

आता शरीराचे अवयव. सगळ्या अवयवांच्या शिव्या होत नाहीत. कोपर, गुडघा, भुवई यांची शिवी कुणी ऐकलेली नाही. जे झाकून ठेवायचे त्यांचीच होते. पण झाकलेला अवयव हेही पुरेसं कारण नाही. योनी, शिश्न, गुदद्वार हे शब्द दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीत निमूट बसलेले असतात. त्याच अवयवांची घरगुती मराठी नावं उच्चारली की खोलीतली माणसं चमकतात. अवयव तोच, वस्तू तीच. म्हणजे लाज अवयवात नाही, शब्दात साठलेली आहे. ती शब्दात कधी साठते?

ती लहानपणी साठते. पोर बाहेरून एखादा शब्द शिकून येतं आणि घरात मोठ्यानं म्हणतं. त्याला अर्थ ठाऊक नसतो. त्याला दिसतो तो आईचा बदललेला चेहरा, आजीनं कानावर ठेवलेले हात, बापाची चापट. अर्थ पुढे चार-सहा वर्षांनी कळतो. भीती आधी बसते. संस्कृत शब्द शाळेत, वहीत, परीक्षेपुरता येतो. त्याला कधी चापट चिकटलेली नसते. बोस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांना त्वचेतली विद्युतवाहकता मोजणारी यंत्रं लावली. मन हललं की घामामुळे ही वाहकता वाढते. वर्ज्य शब्दांनी दोन्ही भाषांत ती वाढली, पण मातृभाषेत जास्त. आणि लहान मुलांना रागावताना वापरतात तशा वाक्यांच्या बाबतीत मातृभाषा आणि इंग्रजी यांतलं अंतर फार ठळक होतं. इंग्रजीतली शिवी आपल्याकडची शिकलेली माणसं सभेतही सहज टाकतात आणि तीच मराठीत म्हणताना अडखळतात, त्याचं कारण यात आहे.

मग अवयव आणि नातं या दोन वेगळ्या गोष्टी की एकच? माझ्या मते त्या एकाच मुळाच्या आहेत. वंश ज्या अवयवांतून चालतो, तेच अवयव शिवीत येतात. त्यांच्यावरचा पहारा आणि वंशावरचा पहारा हा एकच पहारा आहे. आपल्या शिव्यांत नुसता अवयव क्वचित येतो. तो बहुधा कुणाचा तरी असतो, आणि बहुतेक वेळा आईचा किंवा बहिणीचा. पुन्हा तीच षष्ठी. शरीराबद्दल कुणापुढे काय बोलायचं, हेही नात्यावरच ठरतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला केप यॉर्कमधल्या आदिवासींत डोनाल्ड थॉमसन राहिला होता. १९३५ साली त्यानं नोंदवलं की काही नातेवाइकांसमोर शरीराचा उल्लेख पूर्ण वर्ज्य असतो, तर ठरावीक नातेवाइकांमध्ये उघड अश्लील थट्टा चालते, नव्हे ती रीतच असते. आपल्याकडेही दीर-भावजयीला जी मोकळीक आहे ती सासरा-सुनेला नाही. मित्रांच्या कट्ट्यावर खुशाल शिव्या देणारा मुलगा मामा दिसला की गप्प होतो.

बायकांच्या शिव्या वेगळ्या का, हेही याच धाग्यानं उलगडतं. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं ओढ्याच्या दोन काठांवर आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या काठी जमतात, पदर खोचतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. वाद्यं वाजत असतात, पाहणाऱ्यांची गर्दी असते, पोलिसांचा बंदोबस्त असतो. याला बोरीचा बार म्हणतात. दोन सवतींच्या भांडणातून ही चाल पडली, असं तिथे सांगतात. घरात वर्षभर ज्यांना मोठ्यानं बोलता येत नव्हतं त्यांच्यासाठी हा दिवस राखलेला होता.

एरवी मराठी बाई भांडणात आईवरून शिवी द्यायची ती कमी. तिची हत्यारं म्हणजे ‘मेल्या’, ‘मुडद्या’, ‘तुझं वाटोळं होवो’, ‘निर्वंश होवो’. वंश तिच्या नावानं चालत नव्हता, जमीन तिच्या नावावर नव्हती. पण तो वंश पोटातून यायचा तिच्याच. म्हणून तिनं वंश बुडायचा शाप दिला. आणि पुरुषानं तिला शिवी दिली तेव्हा तिच्या आईपर्यंत जायची गरज त्याला वाटली नाही, तिचं स्वतःचं चारित्र्यच पुरलं. ‘रांड’ या शब्दाचा एक जुना, साधा अर्थ विधवा असा आहे. नवरा मेलेली बाई म्हणजे जिच्यावर कुणाचा पहारा नाही अशी बाई, एवढ्यावरून त्या शब्दाची शिवी झाली. या शब्दानं किती विधवांना जिवंतपणी जाळलं असेल, याचा हिशोब कुठे लिहिलेला नाही.

हे सगळं खरं असेल तर एक गोष्ट दिसायला हवी. जिथे माणसाची जागा वंशापेक्षा दुसऱ्या कशानं ठरते, तिथे शिवीही दुसरी हवी. आणि तशी ती आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात फ्रेंच बोलणाऱ्या लोकांच्या सर्वांत जहाल शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्या आहेत. पवित्र प्रसादाची पेटी, पूजेचा प्याला, प्रसादाची पोळी यांची नावं तिथे शिवी म्हणून तोंडात येतात. पॅरिसच्या फ्रेंच माणसाला त्यात काही वाटत नाही. क्वेबेकमध्ये १९६०च्या दशकापर्यंत शाळा चर्चची, इस्पितळ चर्चचं. जन्म, लग्न आणि मृत्यूच्या सरकारी नोंदीसुद्धा १९९४पर्यंत चर्चच्या वहीत चालत होत्या. ‘कुणाचा रे तू?’ याचं उत्तर तिथे पाद्र्याच्या वहीत होतं. घाव तिथेच पडला.

इंग्लंडमध्ये तर एकाच भाषेत हा पालट झालेला दिसतो. तेराव्या शतकात लंडनमध्ये स्त्रीच्या गुप्तांगाचं आज सर्वांत घाण मानलेलं नाव एका गल्लीच्या नावातच होतं आणि कागदोपत्री लिहिलं जात होतं. त्या काळी धक्का बसायचा तो देवाच्या शरीराची, हाडांची शपथ वाहिली तर. १६०६ साली तिथे कायदा झाला तो नाटकात देवाचं नाव टाकण्यावर, अवयवांच्या नावांवर नाही. धर्माची पकड सैल झाली, घरातल्या लज्जेच्या कल्पना घट्ट झाल्या, तशी शिवी देवाकडून शरीराकडे सरकली. डच लोक आजही भांडताना कर्करोग, क्षय आणि पटकीच्या नावानं शिव्या देतात. म्हणून आईबहिणीची शिवी ही मानवी स्वभावाची अटळ गोष्ट आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती फार पसरली, कारण वंशावर उभे असलेले समाज फार पसरले.

लू शुनच्या त्या बापलेकांकडे आता येऊ. वारंवार वापरल्यानं शिवी झिजते. ‘तुझ्या आईला’ या अर्धवट तोडलेल्या वाक्याचं ‘च्यायला’ झालं, ‘आयला’ झालं, आणि आज ते आश्चर्याचे उद्गार आहेत. मालवणी आणि कोकणी बोलणारा ‘आयचो घो’ म्हणतो तेव्हा ‘आईचा नवरा’ हा शब्दार्थ त्याच्या मनात नसतो. तरी २०१० साली तेच शब्द मराठी चित्रपटाच्या नावात आले तेव्हा आक्षेप निघालेच. ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये हेच ध्यानात घेतलं. असे शब्द रागाचा किंवा वैतागाचा उद्गार म्हणून येतात, ऐकणाऱ्याच्या मनात लैंगिक अर्थ जागा होत नाही, म्हणून ग्राम्य भाषा म्हणजे कायद्यातली अश्लीलता नव्हे, असा तो निकाल आहे.

कायद्यापुरतं ते योग्यच आहे. पण झीज सगळ्यांसाठी सारखी नसते. मित्रामित्रांत झिजलेला शब्द मुकादमानं मजुराला, सवर्णानं दलिताला, नवऱ्यानं बायकोला उच्चारला की पुन्हा पूर्वीइतकाच धारदार होतो, कारण तिथे ती उतरण अजून जशीच्या तशी आहे. आणि ज्या बाईच्या नावानं हे सारं चालतं, तिला ते दोन्ही वेळा ऐकू येत असतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला. अशा दंडानं जिभेला लगाम बसतो, आणि तेही थोडं नाही. पण शिवीचं बळ जिथून येतं तिथे हात घालणारा निर्णय मला त्याच वर्षीचा दुसरा वाटतो. पाणिनीच्या सूत्रात बापाऐवजी आईच्या नावानं ओळखलं जाणं ही निंदा होती. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी कागदांवर लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आता सक्तीचा आहे.